व्हायव्हॅक्स मलेरिया, मुलगा ७ वर्षांचा: प्रायमाक्विन ५ मिग्रॅ की ७.५? आणि जी६पीडीच्या रिपोर्टसाठी थांबायचं का?

ओवी_आई
मुलाला व्हायव्हॅक्स निघाला. क्लोरोक्विनचे तीन दिवस काल संपले. ताप उतरलाय, भूकही परत आलीये. आता प्रायमाक्विन १४ दिवस द्यायची आहे आणि त्यावरून घरात दोन वाद चाललेत.

पहिला वाद डोसचा. वजन २६ किलो. डॉक्टरांनी काट्यावर उभं करून वजन घेतलं आणि रोज ७.५ मिग्रॅ लिहून दिलं. माझी नणंद आरोग्यसेविका आहे. तिच्याकडे वयानुसार डोसचा तक्ता आहे, त्यात ५ ते ८ वर्षांना ५ मिग्रॅ आहे. ती म्हणते दीडपट डोस कशाला?

दुसरा वाद तपासणीचा. गोळी सुरू करण्याआधी जी६पीडी हे लाल पेशींतलं एन्झाइम तपासायला रक्त दिलंय, रिपोर्ट परवा मिळेल. नवरा म्हणतो दोन दिवस फुकट घालवू नका, आजच सुरू करा. सासरे म्हणतात ताप गेला ना, मग गोळी हवीच कशाला?

ज्यांनी मुलांना ही गोळी दिली आहे त्यांनी अनुभव सांगा. डॉक्टर मंडळी असतील तर फारच बरं.

तिरकमठा
सासऱ्यांना सांगा की क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारतं, यकृतात दडून बसलेल्यांना हात लावत नाही. ते नंतर उठतात आणि पुन्हा ताप. माझ्या भाच्याला गोळी अर्धवट सोडल्यावर दोन महिन्यांच्या आत पुन्हा व्हायव्हॅक्स झाला होता.

रानवारा
आमच्या मुलीला मलेरियात प्रायमाक्विनचा फक्त एक डोस दिला होता, तोही कुठलीही तपासणी न करता. काही झालं नाही. १४ दिवस म्हणजे मला जरा जास्तच वाटतंय. दुसऱ्या डॉक्टरांना विचारून बघा.

बालवैद्य
रानवारा, तुमच्या मुलीला बहुतेक फाल्सिपेरम असणार. फाल्सिपेरममध्ये ही गोळी एकदाच आणि थोडी देतात. ती रुग्ण बरा व्हावा म्हणून नसते, त्याच्या रक्तातून डासात जाणारे जंतू मारायला असते. तो एकच डोस इतका लहान असतो की त्यासाठी जी६पीडी तपासणीचा आग्रह जागतिक आरोग्य संघटनाही धरत नाही. इथे प्रश्न व्हायव्हॅक्सचा आहे. यकृतातले जंतू मारायला एकूण मात्रा पुरेशी पोचावी लागते, आणि ती एका दिवसात देता येत नाही. गोळी तीच असली तरी दोन्ही उपचारांचा हेतू वेगळा आहे.

ओवी_आई, आधी डोसचं बघू. १४ दिवसांच्या उपचारात रोजचा हिशोब किलोमागे ०.२५ मिग्रॅ. २६ किलोला ६.५ मिग्रॅ येतात. ६.५ ची गोळी मिळत नाही, म्हणून जवळची ७.५. म्हणजे किलोमागे साधारण ०.२९, हे अगदी ठीक आहे. तक्त्यातले ५ दिले तर किलोमागे ०.१९ पडतात.

रोजचा फरक किरकोळ दिसतो, पण यकृतातल्या जंतूंच्या बाबतीत महत्त्व एकूण मात्रेला असतं. त्याला १४ दिवसांत किमान ९१ मिग्रॅ जायला हवं. ५ च्या हिशोबाने ७० जाईल, ७.५ च्या हिशोबाने १०५. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर लिहिलंय.

ओवी_आई
मनापासून आभार. पण मग तक्ता चुकीचा म्हणायचा का? नणंद वर्षानुवर्षं तोच वापरतेय.

बालवैद्य
चुकीचा नाही म्हणणार. जिथे वजनकाटा नाही तिथे वय विचारून गोळ्या देता याव्यात म्हणून तो बनलाय. अडचण पट्ट्यांची आहे. ५ ते ८ या एकाच पट्टीत १२ किलोचं कुपोषित मूलही येतं आणि २६ किलोचं तुमचं बाळही. १२ किलोच्या मुलाला त्याच ५ मिग्रॅमधून किलोमागे ०.४२ मिळतात, तुमच्या मुलाला ०.१९. एकाच तक्त्यातून एकाला दुसऱ्याच्या दुप्पट औषध मिळतंय, आणि दोघांचं वय बरोबरच लिहिलेलं असतं. त्याच्या खालच्या पट्टीचंही तसंच. १ ते ४ वर्षांना २.५ मिग्रॅ असेल तर १६ किलोच्या चार वर्षांच्या मुलाला किलोमागे ०.१६ सुद्धा पुरे पडत नाहीत.

लहान मुलांत व्हायव्हॅक्स पुन्हा उलटण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त दिसतं. त्यामागचं एक मोठं कारण हेच, की त्यांना किलोमागे कमी औषध पोचतं. शिवाय लहान मुलांचं शरीर हे औषध लवकर निकालात काढतं. काटा असेल तर वजनावरच जावं, आणि वजन त्याच दिवशीचं घ्यावं. 'गेल्या वर्षी २२ होतं' यावर नको.

भ्रमर
एक व्यावहारिक शंका. आमच्याकडच्या पाकिटावर 'प्रायमाक्विन फॉस्फेट २६.३ मिग्रॅ' लिहिलंय. ७.५ हवी असेल तर जवळजवळ पाव गोळी द्यायची ना? आणि पाव गोळीचे तुकडे सारखे कसे पडणार?

बालवैद्य
थांबा, पाव अजिबात देऊ नका. फॉस्फेट २६.३ म्हणजे त्यात खरं औषध १५ मिग्रॅ. डोस नेहमी या १५ वरून मोजतात. त्यामुळे ७.५ साठी अर्धी गोळी. पाव दिली तर डोस निम्म्यावर येतो. बहुतेक पाकिटांवर दोन्ही आकडे असतात, १५ वाला बारीक अक्षरात असतो. पाकीट घेऊन केमिस्टकडे जा आणि समोर विचारून घ्या. २.५ आणि ७.५ च्या गोळ्या मिळाल्या तर तोडायचा प्रश्नच उरत नाही.

सुगरणमावशी
गोळी महाकडू असते हो! आमच्या नातवाने पहिल्या दिवशी भिंतीवर फवारा मारला. दुसऱ्या दिवसापासून चुरा करून गोड पातळ काहीतरी चमचाभर घेऊन त्यात मिसळायचो आणि पोट भरल्यावरच द्यायचो. रिकाम्या पोटी दिली की पोटात मुरडा यायचा.

बालवैद्य
मावशींचं खरं आहे, जेवणानंतरच द्या. आणि गोळी दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो, म्हणून पुढचा अर्धा तास मुलाकडे लक्ष असू द्या.

पेशीवाला
मी प्रयोगशाळेत काम करतो. धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहितो.

दोन दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. क्लोरोक्विन रक्तात बरेच दिवस राहतं, त्यामुळे तेवढ्यात ताप परत येत नाही, आणि यकृतातले जंतू दोन दिवसांत कुठे जात नाहीत. उलट तपासणी न करता सुरू केलं आणि मुलाला जी६पीडी कमी असेल तर प्रायमाक्विनने लाल पेशी फुटतात. कमतरता सौम्य प्रकारची असली तर जुन्या पेशी फुटून प्रकरण थांबतं. तीव्र प्रकारात नव्या पेशीही टिकत नाहीत आणि रक्त चढवायची वेळ येऊ शकते. कुठला प्रकार आहे ते आधी चेहऱ्यावरून कळत नाही.

पण मला दुसरंच विचारायचंय. रक्त कधी घेतलं? आणि हिमोग्लोबिन किती होतं? गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का?

ओवी_आई
रक्त काल घेतलं, क्लोरोक्विनच्या तिसऱ्या दिवशी. हिमोग्लोबिन १०.४. रक्त कधीच चढवलेलं नाही. हे का विचारताय?

पेशीवाला
कारण हा रिपोर्ट 'नॉर्मल' खोटा येऊ शकतो. हे एन्झाइम कोवळ्या लाल पेशींत भरपूर असतं आणि पेशी जुनी होत जाते तसं कमी होतं. मलेरियात किंवा इतर कशाने बऱ्याच पेशी फुटल्या असतील तर जुन्या, म्हणजे कमतरतेच्या पेशी आधीच गेलेल्या असतात आणि हाडांतून कोवळ्या पेशींचा लोंढा येतो. त्या वेळी तपासलं तर कमतरता असलेल्या मुलाचंही मोजमाप वर सरकतं. चढवलेल्या रक्ताचंही तसंच, तुम्ही दात्याचं एन्झाइम मोजता.

तुमच्या मुलाचं १०.४ म्हणजे थोडं कमी, मलेरियात अपेक्षितच. फार घाबरायचं कारण नाही. रिपोर्ट आला की फक्त 'नॉर्मल' हा शब्द वाचू नका, टक्केवारी काय आहे ती बघा. मुलग्यांच्या बाबतीत वाचायला सोपं असतं: हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाकडे एक्स एकच. एकतर एन्झाइम आहे, नाहीतर खूपच कमी आहे. मधलं मोजमाप मुलात आलं तर शंका घ्यायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

जुईली
म्हणजे मुलींना हा त्रास होत नाही ना? आमच्या डॉक्टरांनी मुलीची झटपट तपासणी केली, अतिनील दिव्याखाली ठिपका चमकला, म्हणाले ठीक आहे. मुलगी ११ वर्षांची, ३४ किलो.

तिरकमठा
हो, मुली फक्त वाहक असतात. त्यांना काही होत नाही.

पेशीवाला
तिरकमठा, इथे मात्र थांबवतो. मुलीकडे दोन एक्स असतात हे खरं, पण प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू असतो. वाहक मुलीच्या रक्तात कमतरतेच्या आणि धडधाकट पेशींची सरमिसळ असते, कुणात ३० टक्के एन्झाइम, कुणात ८०. जुईली म्हणतात ती ठिपक्याची तपासणी साधारण ३० टक्क्यांच्या खालचेच पकडते. ४० टक्केवाल्या मुलीचाही ठिपका चमकतो आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' लागतं. तिच्या निम्म्याहून जास्त पेशी गोळीने फुटू शकतात. मुलीसाठी, जमत असेल तर, आकड्यात उत्तर देणारी तपासणी करून घ्या.

जुईली
धस्स झालं वाचून. अजून गोळी सुरू केलेली नाही. उद्याच आकड्यातली तपासणी करून घेते.

चक्रधर
एक सरळ नियम सांगतो, गोंधळ नको. जी६पीडी कमी असेल तर प्रायमाक्विन आयुष्यात कधीच नाही. संपलं.

बालवैद्य
चक्रधर, रोजच्या १४ दिवसांच्या उपचाराबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मग ते मूल दर दोन-तीन महिन्यांनी तापत राहणार, प्रत्येक वेळी रक्त आणखी उतरणार. त्यासाठी आठवड्यातून एकदा किलोमागे ०.७५ मिग्रॅ, असे आठ आठवडे, हा पर्याय आहे. दोन डोसांमध्ये सात दिवस मिळतात, तेवढ्यात शरीर नव्या पेशी तयार करतं. पण हे घरच्या घरी करायचं काम नव्हे. हिमोग्लोबिनवर नजर हवी, रक्त चढवायची सोय आवाक्यात हवी, आणि पहिल्या डोसांनंतर मूल डोळ्यांसमोर हवं. तीव्र प्रकारची कमतरता माहीत असेल तर मी तेही टाळतो.

सहा महिन्यांखालच्या बाळांना मात्र ही गोळी देतच नाहीत.

चक्रधर
आठवड्याला ०.७५ म्हणजे रोजच्या तिप्पट! कमतरतेच्या मुलाला तिप्पट डोस हे मला अजूनही पटत नाही.

बालवैद्य
एका वेळचा डोस तिप्पट आहे, खरं. आठ डोस मिळून किलोमागे ६ मिग्रॅ होतात, म्हणजे एकूण मात्राही रोजच्या उपचारापेक्षा जास्तच. तुमची शंका रास्त आहे. म्हणूनच देखरेखीशिवाय नाही म्हटलं. आमच्या क्षेत्रातही सगळे याला सारखे राजी नसतात.

ओवी_आई
रिपोर्ट आला. ८८ टक्के. डॉक्टर म्हणाले सुरू करा. आज रात्री जेवणानंतर पहिली ७.५. आता काय बघत राहायचं?

पेशीवाला
८८ छान आहे, या मुलात शंकेला जागा नाही.

तरी पहिला आठवडा लघवीचा रंग बघा. काचेच्या पारदर्शक भांड्यात घ्या आणि उजेडात धरा. काळ्या चहासारखी, कोकमासारखी किंवा तांबूस-काळी दिसली तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. त्यासोबत डोळे पिवळे होणं, ओठ-नखं पांढुरकी पडणं, जिना चढताना धाप लागणं, पाठीत किंवा पोटात दुखणं हेही. बिघडायचं असेल तर बहुतेकदा पहिल्या काही दिवसांतच कळतं.

ओवी_आई
तिसरा दिवस. सकाळी लघवी गडद आली. भांड्यात धरली तर गडद पिवळी की तपकिरी ते कळेना. हात थरथरायला लागले. डॉक्टरांचा फोन लागत नाहीये. आजची गोळी देऊ की नको?

बालवैद्य
फोन लागेपर्यंत आजची थांबवा, एका दिवसाने काही अडत नाही. मूल कसं दिसतंय? ओठ, डोळे? दोन-तीन पेले पाणी पाजा आणि पुढची लघवी परत भांड्यात घ्या. नुसती घट्ट झालेली लघवी पाण्याने फिकी होत जाते. पेशी फुटल्याने आलेला रंग तसा सहज फिका होत नाही. पण पाण्याच्या उत्तरावर विसंबून बसू नका, लघवीची पट्टी आणि हिमोग्लोबिन आजच करून घ्या.

पेशीवाला
प्रयोगशाळेत सांगा की पट्टीसोबत सूक्ष्मदर्शकाखालीही बघा. पट्टी 'रक्त' दाखवतेय पण खाली लाल पेशीच दिसत नाहीत, असं असेल तर पेशी रक्तातच फुटून हिमोग्लोबिन लघवीत आलंय. पट्टी कोरी आली तर या कारणाने झालेलं नाही.

ओवी_आई
आत्ताच परत आलो. दुपारची लघवी फिकी पिवळी होती. पट्टी कोरी, हिमोग्लोबिन १०.२. डॉक्टर भेटले, म्हणाले रात्रभर पाणी कमी प्यायला होता. गोळी पुन्हा सुरू, चुकलेला दिवस शेवटी जोडायचा. तुम्हा दोघांचे उपकार कसे मानू कळत नाही.

रानवारा
फार हायसं वाटलं. एकच डोस म्हणून जे मी लिहिलं होतं ते फाल्सिपेरमचंच निघालं, कागद शोधून बघितले. धाग्याचा मला खूप उपयोग झाला.

अभ्यासू
एक मुद्दा राहिला. १४ दिवसांच्या गोळ्या लोक पूर्ण करत नाहीत. ताप गेला की पाचव्या-सहाव्या दिवशी पाकीट कपाटात. म्हणून रोज किलोमागे ०.५ मिग्रॅ, पण फक्त सात दिवस, असाही पर्याय आता जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलाय. एकूण मात्रा तीच, दिवस निम्मे. ओवी_आईंच्या मुलाला १३ मिग्रॅ रोज, एका आठवड्यात काम संपलं असतं. मग १४ च का?

बालवैद्य
८८ टक्केवाल्या मुलात सात दिवसांचा उपचार मलाही चालतो आणि घरचे गोळी विसरतील असं वाटलं तर मी तोच निवडेन. पण दुप्पट डोसला तपासणीची चूक दुप्पट महाग पडते. ४०-५० टक्क्यांच्या मुलीला रोज ०.५ आणि ०.२५ यांत रक्त किती झपाट्याने उतरतं यात फरक पडतो. १४ दिवसांत काही बिघडलं तर थांबायला वेळ मिळतो.

अभ्यासू
थांबायला वेळ मिळतो हे खरं, पण अर्धवट सोडलेला उपचार आणि त्यानंतरचे दोन-तीन ताप, त्यांनीही रक्त उतरतंच. मला वाटतं चांगली आकड्यातली तपासणी जिथे आहे तिथे सात दिवसच हवेत.

बालवैद्य
तपासणी आकड्यातली आणि विश्वासाची असेल तर वाद नाही. बऱ्याच ठिकाणी ती ठिपक्याचीच असते, आणि तिथे मुलींच्या बाबतीत मी १४ च धरून चालेन.

जुईली
माझ्या मुलीचा रिपोर्ट आला: ५२ टक्के. ठिपका चमकला होता तरी! हिमोग्लोबिन ११.६. डॉक्टरांनी १४ दिवसांचाच उपचार ठरवलाय. ३४ किलोला ८.५ येतात, पण वरच्या १० वर न जाता ७.५ ठेवलेत आणि दिवस वाढवून एकूण मात्रा पूर्ण करायची म्हणाले. पहिल्या आठवड्यात दोनदा हिमोग्लोबिन, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. मनात धाकधूक आहे पण उद्यापासून सुरू करतो.

बालवैद्य, १६ दिवस असं कुणी देतं का?

बालवैद्य
३४ किलोला एकूण ११९ मिग्रॅ हवेत, ७.५ ने १६ दिवसांत १२० होतात. हिशोब बरोबर आहे. पुस्तकातला ठरीव उपचार नाही, पण ५२ टक्के आकडा समोर असताना तुमच्या डॉक्टरांनी विचार करून घेतलेला निर्णय दिसतोय. तिसऱ्या दिवसाचं हिमोग्लोबिन चुकवू नका.

जुईली
नाही चुकवणार. आणखी एक, धाकटा भाऊ ५ वर्षांचा आहे. त्याला मलेरिया नाही. तरी त्याची तपासणी आत्ताच करून ठेवू का? की बहिणीचं ५२ आलंय म्हणजे त्याचंही निम्मंच असणार?

पेशीवाला
त्याचं निम्मं येणार नाही, मुलगा आहे. एकतर पूर्ण नाहीतर खूप कमी. बहिणीचं जनुक आईकडून आलं असेल तर त्याला शक्यता निम्मी, वडिलांकडून आलं असेल तर त्याला ते मिळालेलंच नाही, कारण वडील मुलाला एक्स देत नाहीत. त्यामुळे भावासोबत त्याच्या बाबांचंही रक्त द्या. धाकटा आत्ता ठणठणीत आहे, ताप नाही, रक्त उतरलेलं नाही, म्हणजे मोजमाप खरं येईल. आकडा लिहून त्याच्या आरोग्यकार्डात चिकटवा, पुढे कधी मलेरिया झाला तर तापाच्या गडबडीत रिपोर्टची वाट बघावी लागणार नाही.